गब्बरसाठी आधी डॅनी ठरले होते, हे नेमके कशावरून ठरवायचे?

वैनगंगाकाठ
नमस्कार. ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात धानकापणी आटोपल्यावर दरवर्षी प्रश्नमंजूषा होते. प्रश्न काढणे आणि उत्तरे तपासणे ही दोन्ही कामे गेली काही वर्षे माझ्याकडे आहेत. यंदा मी एक प्रश्न असा ठेवला होता: ‘शोले’ चित्रपटातील गब्बरसिंगच्या भूमिकेसाठी अमजद खान यांच्या आधी कोणाची निवड झाली होती? माझ्या कागदावर उत्तर होते डॅनी डेन्झोंग्पा. एका गटाने तेच उत्तर दिले, दुसऱ्या गटाने अमिताभ बच्चन सांगितले आणि तिसऱ्याने संजीव कुमार.

मी पहिल्या गटाला गुण दिले. त्यावर दुसऱ्या गटातील नववीतल्या एका मुलीने मोबाइलवरचे एक पान माझ्यासमोर धरले आणि शांतपणे विचारले, “सर, तुमच्या पानावरचे खरे आणि आमच्या पानावरचे खोटे, हे तुम्ही कशावरून ठरवले?” माझ्याकडे याचे उत्तर नव्हते, कारण मीही ते कुठेतरी वाचलेलेच होते. निकाल मी राखून ठेवला आहे. डॅनी यांचे नाव खरे की खोटे, एवढेच मला विचारायचे नाही. अशा गोष्टी तपासायच्या कशा, हे जाणकारांनी सांगावे.

वऱ्हाडी_माणूस
सर, तुमचेच उत्तर बरोबर आहे, निकाल जाहीर करून टाका. डॅनी यांनी गब्बर केला नाही, कारण ते त्या वेळी ‘खुदा गवाह’च्या चित्रीकरणासाठी अफगाणिस्तानात गेले होते. माझ्या मोठ्या भावाने हे मला कितीतरी वेळा सांगितले आहे आणि त्या चित्रपटात डॅनी आहेतच, कोणीही पाहून खात्री करावी.

चिमूरचा_रसिक
माझ्या मते डॅनी असते तर गब्बर अधिक थंड डोक्याचा आणि अधिक भीतिदायक वाटला असता. अमजद खान यांच्या हसण्यात जी मजा आहे ती मात्र आली नसती. इतरांना काय वाटते?

वैनगंगाकाठ
रसिकभाऊ, तुमचा विषय बोलण्यासारखा आहे, पण माझा प्रश्न कोण अधिक शोभला असता हा नाही. कोण ठरले होते, आणि ते आपल्याला कसे कळते, एवढ्यापुरताच हा धागा ठेवू या.

जुनी_रिळे
मी अमरावतीला एका चित्रपट वितरकाच्या कार्यालयात अनेक वर्षे नोकरी केली. सीपी-बेरार भागात चित्रपट पाठवणे, थिएटरवाल्यांना पोस्टर आणि फोटोसंच पोहोचवणे हे आमचे काम. त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

आधी वऱ्हाडी_माणूस यांचे. ‘खुदा गवाह’ १९९२ चा चित्रपट आहे आणि ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. म्हणजे मध्ये सतरा वर्षे गेली. तुमच्या भावाने सांगितले ते पूर्ण चुकीचे नाही, एका जागी दुसरी जागा चिकटली आहे. डॅनी यांचा अफगाणिस्तानात चित्रित झालेला आधीचा चित्रपट म्हणजे फिरोज खान यांचा ‘धर्मात्मा’. तोही १९७५ मध्येच आला. दोन्ही चित्रपटांत डॅनी, दोन्हींत अफगाणिस्तान, आणि दुसरा लोकांच्या अधिक लक्षात राहिलेला. त्यामुळे आठवणीने नाव बदलून घेतले. अशी चूक सापडली म्हणून सगळा दावा टाकून द्यायचा नसतो. कोणता भाग वर्षाशी जुळत नाही तो बाजूला काढायचा आणि उरलेला पुन्हा तपासायचा.

आता सरांचा मूळ प्रश्न. तिन्ही गटांची उत्तरे एकमेकांच्या विरोधात आहेत असे दिसते, पण खरे म्हणजे ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. संहिता ऐकल्यावर गब्बरची भूमिका आपल्याला मिळावी असे अमिताभ बच्चन आणि संजीव कुमार या दोघांनाही वाटले होते, हे या चित्रपटाच्या निर्मितीकथेत ठळकपणे येते आणि त्यावर अविश्वास दाखवायला कारण नाही. परंतु ती नटाची इच्छा आहे. शत्रुघ्न सिन्हा यांनी जयच्या भूमिकेसाठी आपल्याला विचारणा झाली होती असे स्वतः सांगितले आहे, ती विचारणा. डॅनी यांच्याबाबत सांगितले जाते ते त्याच्या पुढचे आहे: ते ठरले होते आणि चित्रीकरण सुरू होण्याच्या तोंडावर बाहेर पडले. आमच्या धंद्यात ‘नाव चर्चेत आहे’, ‘बोलणे झाले आहे’ आणि ‘साइन झाले आहे’ हे तीन शब्द वेगवेगळे वापरले जात, कारण तिसऱ्या शब्दावर पैसे लागत आणि पहिल्या दोहोंवर लागत नसत. संकेतस्थळांवर तिन्हींसाठी ‘पहिली पसंती’ हा एकच शब्द येतो आणि तिथूनच भांडण सुरू होते.

सरांच्या प्रश्नात ‘निवड झाली होती’ असा शब्द आहे. तो शब्द धरला तर अमिताभ आणि संजीव कुमार ही उत्तरे बसत नाहीत, त्यांची पाने खरी असली तरी.

मीरा_वर्धा
काका, हा फरक पटला. पण डॅनी ‘साइन’ झाले होते, हे तरी कशावरून? तेही कोणीतरी नंतर सांगितलेलेच ना? मी वकिली शिकते आहे, त्यामुळे विचारते. दहा संकेतस्थळांवर एकच वाक्य असेल तर ते दहा साक्षीदार होत नाहीत. एका साक्षीदाराच्या जबाबाच्या दहा नकला होतात.

जुनी_रिळे
अगदी योग्य विचारलेत. म्हणून साक्षीदार वेगळे काढू या.

पहिले स्वतः डॅनी. फिरोज खान यांना तारखा दिलेल्या होत्या आणि तो शब्द मोडायचा नव्हता, म्हणून ‘शोले’ सोडावा लागला, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. कोणी म्हणेल की मोठी भूमिका माझ्याकडे आली होती असे कोणताही नट म्हणेल. ते खरे आहे, आणि म्हणूनच फक्त नटाच्या सांगण्यावर मी कधी थांबत नाही.

दुसरे दिग्दर्शक रमेश सिप्पी. त्यांनीही डॅनी हे नाव नाकारलेले नाही, उलट सांगितलेले आहे. दिग्दर्शकाला हे कबूल करण्यात काही लाभ नसतो; गाजलेल्या चित्रपटाचा दिग्दर्शक अमजद खान पहिल्यापासून आपल्या डोळ्यांसमोर होते असे सांगून मोकळा झाला असता. ज्याला सोयीचे नाही तोही तेच सांगतो, तेव्हा त्या सांगण्याचे वजन वाढते.

तिसरे म्हणजे अनुपमा चोप्रा यांचे ‘शोले’च्या निर्मितीवरचे पुस्तक. ते २००० साली आले. त्या वेळी सिप्पी, सलीम खान, जावेद अख्तर आणि बरेचसे कलाकार-तंत्रज्ञ हयात होते आणि एकाने दुसऱ्याचे खोडून काढण्याची सोय होती. अमजद खान मात्र १९९२ मध्येच वारले होते, हेही लक्षात ठेवावे लागते; त्यांच्या बाजूचे जे येते ते कुटुंबीयांकडून आणि त्यांच्या जुन्या मुलाखतींतून. याच पुस्तकात असेही येते की ‘शोले’च्या कलाकारांसोबत डॅनी ‘स्क्रीन’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले होते.

माझ्या दृष्टीने हा शेवटचा धागा सर्वांत मोलाचा आहे. बाकीचे सगळे चित्रपट गाजल्यानंतरचे बोलणे आहे. ते मुखपृष्ठ छापले गेले तेव्हा ‘शोले’ चालणार की पडणार हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि अमजद खान कोण हेही लोकांना माहीत नव्हते. पुढे काय होणार हे माहीत नसताना छापलेल्या कागदाला पुढच्या कीर्तीसाठी खोटे बोलण्याचे कारण नसते.

धानपट्टी
मी झाडीपट्टीत नाटके करतो. मंडईपासून होळीपर्यंत आमचा हंगाम असतो. छापलेल्या कागदाबद्दल काकांनी लिहिले म्हणून माझा अनुभव सांगतो.

आमचे नाटक गावच्या मंडळाने ठरवले की वडशाच्या कंपनीकडून पोस्टर आणि पत्रके आधीच छापून येतात, कारण गावोगावी ती लावायला दिवस लागतात. एका वर्षी खलनायकाच्या जागी माझ्याहून पुष्कळ नावाजलेल्या एका नटाचे नाव आणि फोटो छापला होता. नाटकाच्या दोन दिवस आधी त्यांचे येणे रद्द झाले आणि ती भूमिका मला दिली गेली. रात्री साडेदहाला पडदा उघडला, पहाटे नाटक संपले, लोकांनी टाळ्या दिल्या. पुढे त्याच गावात एका लग्नाला गेलो असताना एका वयस्क गृहस्थांनी मला सांगितले की तुम्ही म्हणता ते नाटक मी पाहिले आहे, त्यात ते मोठे नटच होते. एवढे बोलून त्यांनी घरातून जपून ठेवलेले पत्रक आणून दाखवले. पत्रकावर त्यांचेच नाव होते. मी काय बोलणार?

त्या दिवशी मला फार लागले होते, हे मी मोकळेपणाने सांगतो. म्हणून म्हणतो, कागदावर पूर्ण भरवसा ठेवू नका.

जुनी_रिळे
धानपट्टी, तुमचे दुःख मी समजू शकतो आणि तुमचे उदाहरण या धाग्यातले सर्वांत उपयोगी आहे. पण त्याचा अर्थ मी थोडा वेगळा लावीन. ते पत्रक खोटे नव्हते. ते छापले त्या दिवशी त्या नटाचेच ठरले होते, आणि तेवढेच ते पत्रक सांगते. रंगमंचावर कोण उभे राहिले, हे सांगणे त्याच्या हातात नाही. गावच्या गृहस्थांनी त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून घेतले.

आपल्याला इथे नेमके उलट हवे आहे. पडद्यावर अमजद खान आहेत हे सर्वांना दिसते. आधी कोण ठरले होते एवढेच शोधायचे आहे, आणि त्यासाठी आधी छापलेला कागद हाच योग्य साक्षीदार आहे. तुमच्या गावात पन्नास वर्षांनी कोणी विचारले की या भूमिकेसाठी आधी कोण ठरले होते, तर त्या पत्रकावरूनच ते सिद्ध होईल.

त्यात एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. सिनेमाच्या घोषणेच्या जाहिरातींत पैसा उभा करण्यासाठी मोठी नावे बोलणे पक्के होण्याआधीच घातली जात. त्यामुळे नुसत्या जाहिरातीतले नाव आणि त्या नटाने स्वतः उभे राहून काढलेला फोटो या दोहोंत मी फोटोला अधिक मान देतो. नाव कोणीही छापू शकतो. फोटोसाठी नटाला यावे लागते.

मीरा_वर्धा
मग माझी एक शंका आहे आणि ती मला कुठेच सोडवलेली दिसली नाही. ‘धर्मात्मा’मध्ये हेमा मालिनी आहेत आणि त्यांची भूमिका अफगाणिस्तानातल्या भागातच आहे. ‘शोले’तही त्या आहेत. हेमा मालिनींना दोन्ही चित्रपट जमले, तर डॅनी यांना का जमू नयेत? ‘तारखा जुळल्या नाहीत’ हे कारण दिले की पुढचे कोणी विचारतच नाही.

वऱ्हाडी_माणूस
मीराताई, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. माझी ‘खुदा गवाह’ची चूक मान्य आहे, भावालाही आज फोन करून सांगितले.

जुनी_रिळे
मीराताई, तुम्ही अचूक जागी बोट ठेवले आहे.

‘शोले’चे चित्रीकरण बंगळूरजवळच्या रामनगर परिसरात ३ ऑक्टोबर १९७३ रोजी सुरू झाले आणि पहिल्या दिवशी अमिताभ बच्चन व जया भादुरी यांचे दृश्य होते. तिथे काम सलग चालत नसे. ठरावीक दिवसांचे सत्र होई, मग खंड, मग पुन्हा सत्र. म्हणून दोन चित्रपट एकाच वर्षात असणे हा अडथळा नसतो, दोन सत्रे एकाच पंधरवड्यात येणे हा अडथळा असतो. हेमा मालिनींची दृश्ये दोन्हीकडे वेगवेगळ्या पंधरवड्यांत बसली असतील आणि डॅनी यांची बसली नसतील, हे शक्य आहे. पण शक्य आहे आणि झाले आहे यांत अंतर आहे. दोन्ही चित्रपटांची रोजची वेळापत्रके समोर ठेवल्याशिवाय त्याचा निकाल लागत नाही आणि ती माझ्या पाहण्यात नाहीत.

म्हणून मी दाव्याचे दोन तुकडे करतो. डॅनी ठरले होते आणि बाहेर पडले, हा एक तुकडा; त्याला दोन्ही बाजूंची साक्ष आहे आणि तो मी पक्का मानतो. अफगाणिस्तानच्या तारखांमुळे बाहेर पडले, हा दुसरा. त्यावर संबंधित व्यक्तींचे सांगणे आहे, ते एकमेकांशी जुळते, पण तारखांनी तपासलेले नाही. ‘तारखा’ हा चित्रपटधंद्यातला सौम्य शब्दही आहे, त्याच्या आड मानधन, मतभेद, काहीही असू शकते. इथे तसे काही होते असे मी मुळीच म्हणत नाही.

वैनगंगाकाठ
काका, डॅनी ऐन वेळी बाहेर पडले असे तुम्ही आधी लिहिले होते. ते ‘ऐन वेळी’ तपासता येते का?

जुनी_रिळे
काही अंशी येते, आणि ते तपासणे मला स्वतःला फार आवडले होते.

अमजद खान यांचे पुत्र शादाब यांनी सांगितले आहे की त्यांचा जन्म झाला त्याच दिवशी वडिलांनी ‘शोले’ साइन केला. शादाब यांचा जन्म सप्टेंबर १९७३ चा. चित्रीकरण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले. म्हणजे मुख्य खलनायक आदल्या महिन्यापर्यंत पक्का नव्हता, आणि डॅनी ऐन वेळी सुटले या कथेशी हे व्यवस्थित जुळते. गंमत म्हणजे शादाब हे डॅनी यांच्याविषयी काही सिद्ध करायला निघालेले नव्हते; ते आपल्या घरची आठवण सांगत होते. साक्षीदार दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत असताना आपली गोष्ट जुळून येते, तेव्हा मला सर्वांत जास्त विश्वास वाटतो.

मात्र ‘त्याच दिवशी’ या दोन शब्दांवर मी भार टाकणार नाही. घरातल्या आठवणी अशा योगायोगांभोवती गोळा होतात. आपल्याकडेही ‘बैलजोडी घरी आली त्याच दिवशी पोरगा झाला’ असे सांगतात आणि प्रत्यक्षात आठवड्याचे अंतर असते. महिना धरा, दिवस सोडा.

मीरा_वर्धा
अमजद खान यांचे नाव कोणी सुचवले, यावरही वेगवेगळे वाचले आहे.

जुनी_रिळे
लेखकद्वयीकडून ते नाव आले, एवढे ठाम सांगता येते. जावेद अख्तर यांनी त्यांना दिल्लीत नाटकात पाहिले होते आणि ते लक्षात राहिले होते, असे जावेद सांगतात. त्यापुढे कोणी आधी उच्चारले, कोणी सिप्पींपर्यंत नेले, याचे श्रेय यशानंतर वाटले गेले आहे, आणि अशा वाटपात मी पडत नाही. चित्रपट पडला असता तर हेच श्रेय कोणी मागितले नसते.

चिमूरचा_रसिक
आधी विषय सोडून लिहिले त्याबद्दल क्षमस्व. आता विषयातलेच विचारतो. ज्यात असा कागदोपत्री पुरावा शंभर टक्के आहे, असे एखादे उदाहरण आहे का, म्हणजे तुलना करता येईल?

मीरा_वर्धा
ते मी सांगते, कारण त्यात न्यायालय आहे. बी. आर. चोप्रा यांच्या ‘नया दौर’साठी मधुबाला यांना घेतले होते. भोपाळकडे बाह्यचित्रीकरणाला पाठवण्यास त्यांचे वडील अताउल्ला खान यांनी विरोध केला, चोप्रांनी वैजयंतीमाला यांना घेतले आणि मधुबाला यांच्या नावावर काट मारलेली जाहिरात छापली. प्रकरण न्यायालयात गेले आणि दिलीप कुमार यांनी चोप्रांच्या बाजूने साक्ष दिली. चित्रपट १९५७ मध्ये आला. इथे ‘आधी मधुबाला होत्या का’ हा प्रश्नच उरत नाही, कारण दोन्ही पक्ष त्या होत्या असे धरूनच भांडत होते. भांडण झाले म्हणून कागद तयार झाला. डॅनी आणि सिप्पी यांच्यात भांडण झाले नाही, म्हणून तसा कागद नाही; पुरावा कमी असण्याचे कारण काही वेळा सामोपचार हेही असते.

धानपट्टी
मीराताईंचे शेवटचे वाक्य वाचून मला माझ्या त्या नाटकाचा करार आठवला. करार नव्हताच, फोनवर होकार होता.

वैनगंगाकाठ
सर्वांचे आभार. उद्या वाचनालयाच्या फळ्यावर मी असे लिहिणार आहे: “निवड झाली होती: डॅनी डेन्झोंग्पा. भूमिका हवी होती: अमिताभ बच्चन आणि संजीव कुमार. प्रश्नातील शब्दानुसार पहिल्या गटाचे उत्तर ग्राह्य. दुसऱ्या व तिसऱ्या गटांची माहिती चुकीची नाही, ती दुसऱ्या प्रश्नाची आहे.” गुण पहिल्या गटालाच राहतील, पण त्या मुलीचा प्रश्न आणि तिचा गट कोणता होता हेही खाली लिहीन.

आता एकच राहिले. ते मुखपृष्ठ आपल्यापैकी कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का? काका, तुम्ही?

जुनी_रिळे
नाही. मी त्याबद्दल वाचले आहे, पाहिलेले नाही. आमच्या कार्यालयात ‘स्क्रीन’ येत असे, पण जुने अंक दरवर्षी रद्दीत जात.

मीरा_वर्धा
मला पुढच्या महिन्यात पुण्याला जायचे आहे. विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे ग्रंथालय आहे, तिथे जुनी चित्रपट-नियतकालिके पाहता येतात. ‘स्क्रीन’चे कोणते अंक मागू?

जुनी_रिळे
१९७३ चा संपूर्ण संच उपलब्ध असेल तर तोच मागा. नसेल तर सप्टेंबरपासून मागे मागे जा, कारण अमजद खान आल्यानंतरच्या अंकात तो फोटो असण्याचे कारण नाही. सापडला तर चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: अंकाची तारीख, फोटोत कोण कोण आहेत, फोटोखालची ओळ अक्षरशः जशी आहे तशी, आणि त्या ओळीत ‘शोले’चे नाव आहे की फक्त कलाकारांची नावे आहेत. शेवटची गोष्ट विसरू नका. एखाद्या समारंभात हे सगळे एकत्र उभे असतील आणि नंतर कोणी तो ‘शोले’चा फोटो मानला असेल, तर माझे वरचे अर्धे म्हणणे मला मागे घ्यावे लागेल.

आणि सापडला नाही तर कोणते अंक संचात नव्हते, तेही लिहून आणा.

मीरा_वर्धा
आणते. याच धाग्यावर लिहीन.